तिसऱ्या पानावर अडणारं भाषण

*मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मला ‘आपल्या जुन्या विहिरी’ या विषयावर वीस मिनिटं बोलायचं आहे. भाषण लिहून काढलं, आठ पानं झाली. रोज पहाटे पाठ करते. एकटी असताना धडाधड येतं, पण सहकाऱ्यांसमोर म्हणून दाखवलं तेव्हा तिसऱ्या पानावर एक शब्द आठवेना आणि पुढचं सगळंच गेलं. कागद हातात घेतला तर मान वर होत नाही. लेक म्हणते, “आई, तू वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलीसारखी बोलतेस.” कार्यक्रमाला बारा दिवस आहेत. शब्दन् शब्द पाठ न करता भाषण अंगात मुरवायची काही रीत असते का? सोबत भाषणाची प्रत पाठवते आहे.*
*– एक शिक्षिका, जि. सातारा*

ताई, नमस्कार.

तुमची प्रत मोठ्यानं वाचून पाहिली. तिसऱ्या पानावर तुम्ही जिथे अडता, तिथे कुणीही अडेल. आधीच्या परिच्छेदात लिंब गावची बारा मोटांची विहीर कुणी आणि कधी बांधली ते येतं. पुढच्या परिच्छेदाची सुरुवात अशी आहे: ‘त्याचप्रमाणे सदर विहिरीवर मोटेद्वारे पाणी उपसण्याची व्यवस्था करण्यात आलेली होती.’ या ‘त्याचप्रमाणे’ला मागचं काहीच धरून ठेवत नाही. विहीर बांधून घेणारी बाई आणि पाणी ओढणारी मोट यांचं तुमच्या कागदावर काही नातंच नाही, दोन्ही एकाखाली एक लिहिलंय एवढंच. पाठ म्हणताना हे दोन परिच्छेद तुम्ही नुसत्या आवाजाच्या ओघावर जोडता. घरात एकटं असताना ओघ टिकतो. समोर ओळखीचे चेहरे आले की तो तुटतो, आणि तुटल्यावर हाताला धरायला दुसरं काही नसतं.

मी बरीच वर्षं नाटकांच्या तालमींना वही घेऊन विंगेत बसत आले आहे. प्रॉम्प्टिंग करणाऱ्याच्या एक गोष्ट लवकर लक्षात येते. नट वाक्याच्या मध्यावर क्वचित अडतो. तो अडतो एक विचार संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर. तिथे पुढचे दोन शब्द दिले की उरलेलं अख्खं पान तो एकट्यानं बोलून जातो. भाषणातही अडण्याच्या जागा याच. त्यामुळे तुमच्या बारा दिवसांतली बरीचशी मेहनत मी या सांध्यांवर खर्च करायला सांगणार आहे. वाक्यांची काळजी त्यामानानं थोडीच करायची आहे.

आधी मनातली एक भीती बाजूला करू. शब्द बदलले तर भाषण बिघडेल, असं तुम्हाला वाटतं. जॅकलिन सॅक्स या संशोधक बाईंनी १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक उतारा ऐकवला, मध्येच थांबवून त्यातलं एक वाक्य पुन्हा ऐकवलं आणि विचारलं, हे जसंच्या तसं ऐकलंत की बदललंय? वाक्य ऐकून अर्धा मिनिट उलटेपर्यंतच लोकांच्या डोक्यातून त्याची शब्दरचना गेलेली होती. कर्तरीचं कर्मणी केलेलं त्यांच्या ध्यानात येईना, पण अर्थ बदलला की चटकन यायचं. माणसाची स्मरणशक्ती अर्थ धरते आणि शब्द सोडून देते. पाठांतर करताना तुम्ही तिच्याकडून नेमकं उलटं काम करून घेऊ पाहताय. आणि तुमचे श्रोते तर मूळ शब्द कधी वाचणारच नाहीत, तेव्हा कुठलं वाक्य बदललं हे कळायला त्यांना वावच नाही.

आता कामाला लागू. पहिल्या दिवशी पेन्सिल घेऊन भाषण एकदाच मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली किंवा श्वास संपला की तिथे खूण करा. खुणा झालेली वाक्यं मुरायची नाहीत, कारण ती बोलण्याची नाहीतच, ती अहवालाची आहेत. तुमच्याच प्रतीतलं हे वाक्य बघा: ‘सदर विहिरीचे बांधकाम इ. स. १७१९ ते १७२४ या कालावधीत श्रीमंत वीरूबाई भोसले यांच्या पुढाकाराने पूर्णत्वास नेण्यात आले.’ हेच तुम्ही वर्गात मुलांना कसं सांगाल? ‘ही विहीर वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली. काम १७१९ ला सुरू झालं आणि १७२४ ला पुरं झालं.’ बास. ही दोन वाक्यं पाठ करावी लागत नाहीत. ती चुकली तरी दुसरी तशीच दोन तोंडात येतात. ‘करण्यात आले’, ‘सदर’, ‘सदरहू’, ‘च्या माध्यमातून’ हे सगळं काढून टाका. एक संध्याकाळ यात गेली तर जाऊ दे, पुढच्या चार संध्याकाळी वाचतात.

दुसऱ्या दिवशी भाषणाचे तुकडे पाडा. तुमच्या आठ पानांचे मला सात तुकडे दिसले. एक: गावातली बुजलेली विहीर, जिच्याजवळून श्रोते रोज जातात. दोन: बारव म्हणजे काय आणि साध्या विहिरीपेक्षा ती वेगळी कशी. तीन: लिंबची विहीर कुणी बांधली. चार: मोटेनं पाणी कसं निघायचं. पाच: विहिरीत पायऱ्या, कमानी आणि महाल कशासाठी. सहा: या विहिरी मोडीत का निघाल्या. सात: आपल्या गावच्या विहिरीचं आता काय करता येईल. पानांचे आकडे विसरून जा. इथून पुढे तुमचं भाषण म्हणजे हे सात तुकडे.

प्रत्येक तुकड्याला नाव देताना मात्र ‘लिंबची विहीर’ असं विषयाचं नाव देऊ नका. त्या तुकड्यात तुम्ही श्रोत्यांना काय करताय ते लिहा. पहिल्यात त्यांना ओळखीच्या जागी थांबवताय. तिसऱ्यात चकित करताय, की तीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं केवढं काम उभं केलं. चौथ्यात यंत्र उलगडून दाखवताय. सहाव्यात त्यांना चुटपुट लावताय. नटांच्या पाठांतराचा हेल्गा आणि टोनी नोइस या दांपत्यानं अनेक वर्षं अभ्यास केला आहे. मुरलेले नट सुरुवातीला वाक्यं घोकत बसत नाहीत, हे त्यांना वारंवार दिसलं. हे पात्र आत्ता हे का बोलतंय, समोरच्याला काय करायला बघतंय, हे नट प्रत्येक वाक्यापाशी शोधत जातात आणि त्या शोधात बरीचशी संहिता घोकल्याशिवायच मनात राहते. तालमीच्या खोलीत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याला वाक्याचं ‘का’ सापडलेलं असतं, तो शब्द विसरला तरी प्रसंग सोडत नाही.

आता सांधे. सात तुकड्यांचे सहा सांधे होतात. या सहा जागी तुमच्या प्रतीत कोणते शब्द आहेत ते मी मोजले: ‘तसेच’, ‘याशिवाय’, ‘त्याचप्रमाणे’, पुन्हा ‘तसेच’, ‘याचबरोबर’, ‘शेवटी’. यातला एकही शब्द पुढचा विचार ओढून आणत नाही. ‘तसेच’नंतर जगातलं काहीही येऊ शकतं. त्याऐवजी प्रत्येक सांध्यावर एक प्रश्न ठेवा, असा की मागचा तुकडा ऐकून श्रोत्यालाच तो पडावा. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधला सांधा घेऊ. वीरूबाईंनी एवढी खोल, एवढी रुंद विहीर बांधली. मग कुणालाही प्रश्न पडतो: इतक्या खालून पाणी वर आणायचं कसं? उत्तर आहे मोट. झालं, ‘त्याचप्रमाणे’ गेलं आणि त्या जागी एक खिळा बसला. मोट सांगून झाल्यावर पुढचा प्रश्न: बैल तर वरून पाणी ओढतायत, मग माणसांना आत उतरायला पायऱ्या आणि महाल कशाला? की तुम्ही आपोआप पाचव्यात. एखाद्या सांध्यावर असा प्रश्न सापडलाच नाही, तर तुकड्यांचा क्रम चुकलाय असं समजा. तुमचा दुसरा तुकडा मला तसाच वाटतो. बारवेची व्याख्या आधी सांगून मग लिंबला जाण्यापेक्षा आधी लिंबला न्या आणि पायऱ्या दिसल्यावर व्याख्या सांगा. हे दोन तुकडे अदलाबदल करून बोलून पाहा, कुठला क्रम तोंडात सहज बसतो ते लगेच कळेल.

चौथा तुकडा तर तुम्हाला लक्षात ठेवावाच लागणार नाही, कारण त्याचा क्रम पाण्यानंच ठरवलेला आहे. मोट विहिरीत बुडते. बैल धावेवरून उताराला चालू लागतात, नाडा ताणला जातो, मोट वर येते. सोंदूर या बारीक दोरानं धरलेली मोटेची सोंड थारोळ्याकडे ओढली जाते, पाणी थारोळ्यात पडतं, थारोळ्यातून पाटात आणि पाटातून शेतात जातं. पाण्यामागून चालत गेलात की एकही पायरी सुटत नाही. पाचव्या तुकड्यासाठी लिंबला गेला होतात तेव्हाची वाट मनात धरा. जिना उतरताना आधी काय दिसलं, मग डोकं वर केल्यावर काय दिसलं, त्याच क्रमानं सांगा. रोमन वक्ते घराच्या दालनांमधून मनात फिरत भाषणाचे मुद्दे आठवत असत. त्यांना त्यासाठी विषयाबाहेरचं घर मनात आणावं लागायचं. तुमच्या विषयात जागा आयतीच आहे, तिचा फायदा घ्या.

तिसऱ्या दिवसापासून खरी तालीम सुरू होते आणि तिचा नियम एकच आहे: आधी बोलायचं, मग बघायचं. सध्या तुम्ही वाचता, पुन्हा वाचता, मग म्हणता. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ते येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं. तुमची परीक्षा बारा दिवसांनी आहे, पाच मिनिटांनी नाही.

करायचं असं. कागद दुसऱ्या खोलीत ठेवा, नुसता पालथा घालून चालत नाही. उभं राहा. एक तुकडा घ्या आणि त्याच्या प्रश्नापासून पुढच्या प्रश्नापर्यंत मोठ्यानं बोला. मध्ये खड्डा पडला तर थांबायचं नाही, मागे जाऊन वाक्य सुधारायचं नाही, ‘इथे काहीतरी होतं’ असं म्हणून पुढे सरकायचं आणि तुकडा शेवटाला न्यायचा. हे महत्त्वाचं आहे. अडलं की कागदाकडे धाव घ्यायची सवय लागली तर सभेतही हात कागदच शोधतो. तुकडा संपला की मग जाऊन कागद बघा आणि सुटलेले मुद्दे तेवढे अधोरेखित करा. शब्द वेगळे आले असतील, त्यांच्याकडे बघूही नका. तोच तुकडा लगेच पुन्हा बोलण्यात अर्थ नाही, कारण नुकतं वाचलेलं तेवढ्यापुरतं येतंच. दुसरा तुकडा घ्या आणि या पहिल्याकडे रात्री किंवा दुसऱ्या दिवशी परत या. थोडं विसरायला होतं आणि मग खेचून आठवावं लागतं, तेव्हाच ते पक्कं होतं. रोज अर्धा तास पुरे. पहाटे दोन तास सलग बसण्यापेक्षा सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं अधिक कामाला येतात.

दोन-तीन दिवसांत एक खूण दिसू लागेल. एखादा मुद्दा प्रत्येक वेळी सुटतो, तोच आणि तिथेच. असं झालं की स्मरणशक्तीला बोल लावू नका. बहुतेक वेळा तो मुद्दा तिथला नसतो. सहाव्या तुकड्यात विहिरी मोडीत निघाल्याची कारणं सांगताना तुम्ही मध्येच वास्तुशैलीवर तीन वाक्यं लिहिली आहेत. ती तुम्हाला आठवणार नाहीत असा माझा अंदाज आहे, आणि न आठवलेलीच बरी. पाचव्यात हलवा, नाहीतर काढून टाका. न घोकता बोलण्याच्या तालमीचा हा मोठा फायदा आहे. ती लिखाणातली ठिगळं उघडी पाडते. पाठांतर त्यांच्यावरून गुळगुळीत निघून जातं.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून क्रम मोडा. प्रत्येक तालीम सुरुवातीपासून केली की पहिला तुकडा शंभरदा होतो आणि सातवा दहादा. म्हणूनच पुष्कळ भाषणं सुरुवातीला झोकात चालतात आणि शेवटाला कशीबशी संपतात. एक दिवस सातव्यापासून सुरुवात करा, मग सहावा आणि सातवा, मग पाचवा, सहावा आणि सातवा. एक दिवस नुसते सांधे घ्या. मागच्या तुकड्याची शेवटची दोन वाक्यं, मधला प्रश्न आणि पुढच्याची पहिली दोन वाक्यं, असे सहाही सांधे पाच मिनिटांत होतात. भाजी निवडताना, एसटीत बसल्या बसल्या हे करता येतं. माझ्या मते सगळ्या तालमीत ही पाच मिनिटं सर्वांत मोलाची.

आणि ऐकणारं माणूस बदला. चौथा तुकडा शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाला सांगा. त्याला थारोळं माहीत नसणार, म्हणजे तुम्हाला वेगळे शब्द शोधावे लागतील. तोच ज्यांनी मोट हाकलेली पाहिली आहे अशा एखाद्या आजोबांना सांगा, ते मध्येच तुमची चूक काढतील आणि तुम्ही तिथून सावरून पुढे जाल. मैत्रिणीला अख्खं भाषण तीन मिनिटांत फोनवर सांगा. असं वेगवेगळ्या तोंडावळ्यानं पाच-सहा वेळा सांगून झालं की एकाच गोष्टीची तीन-चार वाक्यं तुमच्या तोंडात तयार राहतात. एक निसटलं तर दुसरं हजर. लेकीला जे वक्तृत्व स्पर्धेसारखं वाटलं, ते सूर लावून म्हणणंही यानंच जातं. ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमानं आली की आवाज ठरलेल्या जागी चढतो आणि पडतो. शब्द त्या क्षणी शोधून बोलणारा माणूस तसा सूर लावूच शकत नाही.

आता थोडं उलट बाजूनं. काही गोष्टी शब्दशः पाठ हव्यातच. आपल्याकडे कीर्तनकाराचं बघा. पूर्वरंगातला मुख्य अभंग, प्रमाणासाठी घेतलेल्या ओव्या आणि श्लोक बुवांना अक्षरन् अक्षर पाठ असतात, त्यात मात्रा हललेली चालत नाही. त्यावरचं निरूपण मात्र बुवा समोरची मंडळी बघून आपल्या शब्दांत करतात. उत्तररंगातल्या आख्यानाचा क्रम त्यांना पक्का असतो, पण त्याचं सांगणं गावागणिक लांबतं, आटोपतं. तुम्हीही अशीच वाटणी करा. पाठ करायचं ते एवढंच: पहिली दोन वाक्यं, कारण त्या वेळी छाती धडधडत असते आणि शब्द शोधायला डोकं मोकळं नसतं. तुम्ही घेतलेली जात्यावरची ओवी. वीरूबाईंचं नाव आणि ती दोन सालं. आणि शेवटचं वाक्य, म्हणजे ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ म्हणायची पाळी येत नाही. हे सगळं मिळून अर्धं पानही होत नाही. याला खुशाल घोका.

नाव, साल आणि लांबी-रुंदीचे आकडे एका कार्डावर घ्या. पोस्टकार्डाएवढं एकच कार्ड, एकाच बाजूला, हात लांब केल्यावर वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. त्यावर सहा प्रश्न, प्रत्येकी तीन-चार शब्दांत: ‘पाणी वर कसं?’, ‘मग पायऱ्या कशाला?’ असे. पूर्ण वाक्य लिहिलंत तर तुम्ही ते वाचणार आणि मान पुन्हा खाली जाणार. कार्डाकडे बघण्याचीही तालीम करा: तुकडा संपवा, थांबा, शांतपणे कार्ड बघा, मान वर करा, मग बोला. बोलता बोलता बघायचं नाही. समोरच्यांना तो विचार करायला घेतलेला थांबा वाटतो आणि तसा तो असतोही.

आठव्या दिवशी घड्याळ लावा. आपल्या शब्दांत बोलू लागलं की भाषण फुगतं, हे या रीतीचं मोठं दुखणं आहे. सुचत जातं आणि वीस मिनिटांचं भाषण पंचविसाच्या पुढे जातं. शांतपणे बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे तुमच्या हातात दोन हजारांच्या थोडं वर शब्द आहेत. प्रत्येक तुकड्याचा वेळ वेगळा लिहा. फुगवटा सहसा एकाच तुकड्यात असतो आणि तो आपल्या आवडीचा असतो. तुमच्या बाबतीत तो पाचवा, महालाचा असेल असं वाटतं. शिवाय एक तुकडा आधीच ठरवून ठेवा जो अख्खा गाळता येईल. व्याख्यानमालेत पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार लांबतात, मग वक्त्याला सांगतात, “ताई, जरा आटोपतं घ्या.” तुमच्या भाषणातून बारवेच्या व्याख्येचा तुकडा काढला तरी बाकीचं तुटत नाही. एकदा तो वगळून तालीम करून ठेवा.

नवव्या आणि दहाव्या दिवशी मुद्दाम विस्कटून घ्या. लेकीला समोर बसवा आणि तिला सांगा, कधीही मध्ये बोल, प्रश्न विचार, खुर्ची सरकव, फोन वाजव. तुम्ही तिला उत्तर द्यायचं आणि जिथून सुटलं तिथे परत यायचं. परत यायची वाट म्हणजे तोच सांध्यावरचा प्रश्न. काहीच आठवलं नाही तर तो प्रश्न मोठ्यानं श्रोत्यांनाच विचारायचा: “मग एवढ्या खालून पाणी वर यायचं कसं?” सभेला वाटतं तुम्ही त्यांना विचारताय, तोवर तुम्हाला दोन श्वास मिळतात. ही युक्ती मी विंगेतून पुष्कळदा पाहिली आहे, आणि मुरलेला नट ती इतक्या सहज करतो की वही हातात असलेल्यालाच कळतं. या दोन दिवसांत साडी नेसून, ज्या चपला घालणार त्याच घालून, उभं राहून बोला. जमलं तर वाचनालयात एकदा जाऊन माइकवर निदान पहिला तुकडा बोलून या. आपलाच आवाज भोंग्यातून परत आला की पहिल्यांदा दचकायला होतं, ते सभेच्या दिवशी नको.

भाषण मुरलंय की नाही हे ओळखायचं कसं? फोनवर दोन दिवसांची दोन ध्वनिमुद्रणं करा आणि लागोपाठ ऐका. दोन्हींत तुकड्यांचा क्रम आणि आकडे तेच, पण वाक्यं वेगळी असतील तर मुरलंय. वाक्यं तंतोतंत तीच ऐकू आली तर नकळत पुन्हा पाठ झालंय, क्रम मोडून परत एक फेरी करा. आकडे बदलत असतील, १७२४ चं १७४२ होत असेल, तर तेवढे कार्डावरून वाचूनच सांगा. इतिहासाच्या शिक्षिकेनं साल बघून सांगितलं तर लोकांना ते बरंच वाटतं.

या रीतीची मर्यादाही सांगून ठेवते. वेळ सेकंदावर बांधलेली असेल, किंवा शब्दाला कायद्याचं वजन असेल, जसं शपथ, ठराव किंवा संस्थेचं अधिकृत निवेदन, तर सरळ कागदावरून वाचावं. तिथे आपल्या शब्दांत सांगायला जाऊ नये. आणि हातात दोनच दिवस असतील तर एवढ्या फेऱ्या होत नाहीत. तेव्हा सांधे आणि कार्ड एवढंच करावं.

अकराव्या दिवशी संपूर्ण भाषण एकदा, फक्त एकदा, न थांबता. त्यानंतर आठ पानांची प्रत उघडू नका. आदल्या रात्री ती वाचली की जुनी ‘सदर’वाली वाक्यं डोक्यात परत येतात आणि तुमच्या तोंडची वाक्यं मागे ढकलतात. कार्यक्रमाच्या दिवशी नुसते सहा सांधे दोनदा म्हणा. आणि वाचनालयवाल्यांनी स्मरणिकेसाठी भाषणाची प्रत मागितली तर तीच आठ पानं द्या. छापायला ती चांगली आहेत, फक्त सहाव्या तुकड्यातली ती वास्तुशैलीची तीन वाक्यं पाचव्यात हलवून.